आधी अंदाज, मग भागाकार : डीआयसाठी सात महिने वापरलेल्या पद्धतीचा अनुभव

बँक भरतीच्या प्रीलिममध्ये, म्हणजे पूर्व परीक्षेत, गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. मार्च महिन्यात मी डेटा इंटरप्रिटेशनच्या, म्हणजे तक्ते-ग्राफ वाचून सोडवायच्या डीआयच्या, पाच प्रश्नांच्या एका सेटला सात-आठ मिनिटं घालवत होते. उत्तरं बहुतेक बरोबर यायची, पण बाकीच्या पेपराला वेळच उरत नसे. डिचोलीचा माझा आत्तेभाऊ बँकेत आहे. त्याने एका रविवारी माझा रफ पेपर उचलून पाहिला आणि म्हणाला, "काय गो, भागाकाराची परीक्षा द्यायला चाललीस काय?" त्या दिवसापासून ही पद्धत सुरू केली. आधी अंदाज करायचा, आणि अंदाजाने निकाल लागत नसेल तरच गणित मांडायचं. सात महिने झाले. काय जमलं आणि कुठे आपटले, ते लिहिते.

आधी एक गैरसमज सांगते, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. अंदाज म्हणजे आकडे गोल करणं, असं मी धरून चालले होते. ४१२ चे ४१०, ६३८ चे ६४० करायचे आणि मग तोच भागाकार करायचा. यात वेळ थोडा वाचतो, पण चूक कुठल्या बाजूला गेली ते कळत नाही. खरी गंमत आहे ती सोपा अपूर्णांक धरून त्याच्या वर की खाली एवढंच पाहण्यात. हा फरक सरावातल्या ज्या तक्त्यावर मला समजला, तो इथे देते. पाच काजू कारखाने, दोन वर्षांचं उत्पादन टनांत :

अ : ४१२ वरून ४८७
ब : ६३८ वरून ७४२
क : २८५ वरून ३४१
ड : ९१७ वरून १०४३
इ : १५६ वरून १८३

पहिला प्रश्न होता, सर्वांत जास्त टक्के वाढ कोणाची? मार्चमधल्या मी पाच भागाकार मांडले असते. आता आधी फक्त वाढ काढते : ७५, १०४, ५६, १२६, २७. ही वजाबाकी पूर्ण आणि अचूक करायची, तिथे गोल करायचं नाही. मग एक पंचमांश, म्हणजे २० टक्के, हा खुंटा ठोकायचा. ४१२ चा पंचमांश ८२, आपल्याकडे ७५, सात कमी. २८५ चा पंचमांश ५७, आपल्याकडे ५६, फक्त एक कमी. ब ला १२८ हवे होते, आहेत १०४. ड ला १८३ हवे होते, आहेत १२६. इ ला ३१ हवे, आहेत २७. क सोडून कोणी जवळपासही नाही. उत्तर क, आणि पेन टेकवायची गरज पडली ती फक्त वजाबाकीला. टनांत सगळ्यांत मोठी वाढ ड ची दिसते आणि डोळा तिकडेच धावतो, पण टक्क्यांत तोच सगळ्यांत मागे आहे.

दुसरा प्रश्न : नंतरच्या वर्षी एकूण उत्पादनात ड चा वाटा किती? इथे प्रश्नाआधी ऑप्शन वाचायची सवय कामाला आली. ऑप्शन होते ३१, ३४, ३७ आणि ४१ टक्के. शेजारच्या दोन ऑप्शनमध्ये त्या ऑप्शनच्याच जवळजवळ दहाव्या भागाएवढी फट असेल तर ओबडधोबड बेरीज चालते. ४९०, ७४०, ३४०, १०४०, १८०, मिळून २७९०. त्याचा तिसरा भाग ९३०. आपल्याकडे १०४०, म्हणजे ११० जास्त. २७९० चा एक टक्का २८, तेव्हा ११० म्हणजे सुमारे चार टक्के. ३३ आणि ४, उत्तर ३७.

हेच ऑप्शन ३६.९, ३७.३, ३७.८ असे असते तर वरच्या अंदाजावर खूण करणं हा जुगार झाला असता. तेव्हा खरी बेरीज करावी लागते, ती २७९६. पण तरीही अख्खा भागाकार नको. ३७ टक्के म्हणजे साधारण १०३४.५. उरले साडेआठ. एक टक्का २८ चा, तर साडेआठ म्हणजे ०.३. झालं, ३७.३. मोजायचं ते उरलेल्या तुकड्यापुरतं. फोंड्याच्या मासळीबाजारात आई वाट्यांवरून नजर फिरवत जाते आणि दोन वाटे डोळ्यांना अगदी सारखे दिसले तरच बांगडे मोजायला वाकते. फट किती आहे ते आधी बघणं म्हणजे हेच.

आता जिथे आपटले ते. त्याच तक्त्यावर तिसरा प्रश्न होता : एकूण उत्पादनात इ चा वाटा वाढला की कमी झाला? मी मोठ्या ऐटीत आकडे गोल केले. आधीच्या वर्षी २४०० पैकी १६०, म्हणजे ६.७ टक्के. नंतर २८०० पैकी १८०, म्हणजे ६.४ टक्के. कमी झाला, खूण केली, पाव मार्क गेला. खरे आकडे घेतले तर २४०८ पैकी १५६ म्हणजे ६.४८ टक्के, आणि २७९६ पैकी १८३ म्हणजे ६.५५ टक्के. वाटा वाढलाय.

असं का झालं हे समजायला मला एक संध्याकाळ लागली. १५६ चे १६० करताना मी आधीचं वर्ष अडीच टक्क्यांनी फुगवलं, आणि १८३ चे १८० करताना नंतरचं वर्ष दीड टक्क्याने आटवलं. दोन्ही मिळून चार टक्क्यांची फसवणूक, आणि दोन वाट्यांमधला खरा फरक होता त्या वाट्याच्याच एका टक्क्याएवढा. चूक फरकापेक्षा मोठी झाली की अंदाज उलटाच निकाल देतो. भाऊला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "वाटा काढायला सांगितलाय कोणी? इ एकूणापेक्षा जोरात वाढला की हळू, एवढंच बघ." मग सहावा भाग धरला. १५६ चा सहावा भाग २६, वाढ २७, म्हणजे वर. २४०८ चा सहावा भाग ४०१, एकूण वाढ ३८८, म्हणजे खाली. एक खुंट्याच्या वर, दुसरा खाली, तेव्हा वाटा वाढलाच. टक्केवारी एकदाही काढली नाही आणि उत्तरात शंकेला जागा नाही. गोल करणं आणि खुंटा धरणं यांतला फरक मला इथे कळला. पहिल्यात उत्तर 'साधारण' असतं, दुसऱ्यात ते पक्कं असतं.

यानंतर मी खऱ्या आकड्यांवर हात बसवला. पणजीला पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अभ्यासाला जायचे, तिथे जनगणनेचे आकडे वहीत उतरवून घेतले. २००१ ते २०११ मध्ये उत्तर गोवा ७,५८,५७३ वरून ८,१८,००८ वर गेला आणि दक्षिण गोवा ५,८९,०९५ वरून ६,४०,५३७ वर. माणसं उत्तरेत जास्त वाढली, ५९ हजारांवर. दक्षिणेत ५१ हजारांवर. टक्क्यांत कोण पुढे? बारावा भाग धरा. उत्तरेचा बारावा भाग ६३ हजार, वाढ त्याहून कमी. दक्षिणेचा ४९ हजार, वाढ त्याहून जास्त. दक्षिण पुढे. परतीच्या कदंब बसमध्ये उभ्याने हे तोंडी जमलं, तेव्हा पद्धत अंगात मुरतेय असं वाटलं. कुठला खुंटा धरायचा हा प्रश्न सुरुवातीला छळतो. मी पहिल्या आकड्याला वाढीने भागून पूर्णांकात काय येतं ते बघते. ५९ सात-साडेसातशेत बारा-तेरा वेळा जातं, तर बारा धरायचा. एवढ्यासाठी एक चतुर्थांशापासून एक पंधरांशापर्यंतच्या टक्केवाऱ्या पाठ हव्यात, त्याला पर्याय नाही.

ग्राफबद्दल थोडंच सांगते. बार ग्राफमध्ये डोळ्यांनी उंची बघून अंदाज करण्याआधी डावीकडचा सर्वांत खालचा आकडा वाचा. एका मॉक टेस्टमध्ये अक्ष ४०० पासून सुरू होता. ४२० चा बार आणि ४४० चा बार शेजारी. दुसरा दुप्पट दिसत होता आणि मी भाबडेपणाने तसंच धरलं. खरी वाढ पाच टक्क्यांहूनही कमी. तेव्हापासून अक्ष शून्यापासून नसेल तर उंचीकडे बघतच नाही, आकडे वाचते.

ही पद्धत कुठे चालत नाही, तेही लिहायला हवं. वजाबाकीवर वजाबाकी असेल तर गोल करणं घातक. वरच्याच तक्त्यात ब ची वाढ अ च्या वाढीपेक्षा किती जास्त? खरं उत्तर १०४ वजा ७५, म्हणजे २९. आकडे आधी गोल केले तर १०० वजा ८०, म्हणजे २०. एक तृतीयांश उत्तर गायब. शेवटचा ऑप्शन 'यापैकी नाही' असेल तेव्हाही अंदाजावर थांबू नये, कारण पेपर काढणारा मुद्दाम खऱ्या उत्तराच्या शेजारचा आकडा ठेवतो. तिथे निदान शेवटचा अंक तरी जुळवून बघते. आणि ज्या तक्त्यांत अर्धी घरं रिकामी असतात आणि खाली अटी दिलेल्या असतात, तिथे ही पद्धत जवळपास निरुपयोगी. ते मुळात समीकरणांचे प्रश्न असतात, तक्त्याचं नुसतं सोंग. असे सेट मी आता शेवटी ठेवते.

माझी वही सांगते की साध्या टेबलचा सेट आता साडेतीन ते चार मिनिटांत होतो. मधल्या काळात, मे महिन्यात, वेग वाढला आणि चुकाही वाढल्या. ते गोल करण्याचे दिवस होते. जूनच्या पावसात घरीच बसून जुने पेपर फक्त अंदाजाने सोडवले, मग कॅल्क्युलेटरवर ताळा केला आणि प्रत्येक चुकीपुढे 'वर गेले' की 'खाली गेले' एवढंच लिहिलं. सुमारे दीडशे प्रश्नांनंतर दिसलं की माझ्या बहुतेक चुका भागाकारात वरचा आकडा फुगवून खालचा आटवल्यामुळे होत्या. आता गोल करायचंच असेल तर दोन्ही एकाच बाजूला नेते. पाय चार्टमध्ये अंश आणि टक्के एकत्र आले की मात्र अजून गडबडते, ३.६ ने भागायच्या ऐवजी गुणते. त्यावर भाऊकडेही इलाज नाही. तो म्हणतो, "१० टक्के म्हणजे ३६ अंश, हे कोपऱ्यात लिही आणि मगच सेट उघड." तसं लिहिते, तरीही पाचांतला एक चुकतोच.