गृहभेट नोंदवही: वजनाचा रकाना सोडला तर चांगली

पावसाळ्यात वहीची शिवण उसवली आणि गरोदर मातांची पानं सुटी होऊन हातात आली. नवी मागितली, तर पुढची छपाई होईपर्यंत हीच चालवा म्हणाले. शेवटी बाजारात चपला शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याने शिवून घेतली. पैसे माझेच गेले. एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आम्हा आशांना २५० रुपये मिळतात. त्यातून वही शिवायची पाळी येऊ नये.

कागद मात्र चांगला आहे, शाई फुटत नाही. गरोदर मातांचा भागही सोपा आहे. शेवटच्या पाळीची तारीख लिहिली की शेजारच्या तक्त्यात प्रसूतीची अंदाजे तारीख सापडते. ‘माहेरचं गाव व तिथल्या आशाचा फोन’ हा रकाना आधी मला फालतू वाटायचा. आता वाटत नाही. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, सव्वा महिन्यानंतर बाळ घेऊन येते आणि मधल्या सगळ्या भेटी तिकडच्या आशाच्या हातात असतात. नंबर लिहिलेला असला की जन्मवजन आणि लसी फोनवर कळतात.

माझा खरा राग बाळाच्या वजनाच्या रकान्यावर आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, आणि या वहीत प्रत्येक भेटीला वेगळं पान. पानावर वजन लिहायचं आणि काट्यावरचा रंग लिहायचा, एवढंच. मागचं वजन समोर दिसतच नाही.

याने काय होतं ते एका बाळावरून सांगते. जन्मवजन २४०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी २३००, सातव्या दिवशी २२५०. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं, म्हणजे या बाळाचं २१६० पर्यंत, त्यामुळे तोवर घाबरण्यासारखं काही नव्हतं. चौदाव्या दिवशी पुन्हा २२५०. रंग पिवळा, आधीच्या दोन्ही भेटींतही पिवळाच. ताप नाही, बेंबी कोरडी, ‘स्तनपान चालू?’ समोर ‘होय’. वही म्हणते सगळं ठीक. पण दोन आठवड्यांत बाळाने जन्मवजन गाठायला हवं होतं. मी मागची पानं उलटून पाहिली म्हणून ते कळलं.

आधी काटा तपासला. झोळी अडकवून काटा शून्यावर आणला, अंगावरचं दुपटं काढलं, पुन्हा वजन केलं. तेवढंच. मग आईला बाळ माझ्यासमोर पाजायला सांगितलं. एका बाजूच्या स्तनाग्राला चिरा पडल्या होत्या, म्हणून ती त्या बाजूला घेतच नव्हती. बाळ नुसतं टोक तोंडात धरायचं, थोडं ओढायचं आणि झोपी जायचं. दिवसात लघवी किती वेळा होते विचारलं तर आजी म्हणाल्या, तीन-चारदा. सहापेक्षा कमी म्हणजे दूध पुरत नाही. त्याच दिवशी उपकेंद्रात सिस्टरकडे नेलं. स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाईल असं धरायला सिस्टरनी शिकवलं, दुखऱ्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजायला सांगितलं. एकविसाव्या दिवशी २४००, अठ्ठाविसाव्या दिवशी २६०० आणि रंग हिरवा.

श्वासाच्या रकान्याबद्दल मात्र मी मत बदललं. तिथे ‘होय/नाही’ नसून आकडा लिहायचा आहे, याचा सुरुवातीला वैताग यायचा. पण आकडा लिहायचा म्हणून बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण मिनिट मोजावंच लागतं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर लगेच दवाखान्यात पाठवायचं. ज्याने हा रकाना असा आखला त्याला बाळं तपासायची माहिती आहे. म्हणूनच वजनाचा रकाना तसा का आखला नाही, हे मला खुपतं. एका ओळीत सहा चौकटी, अगोदर जन्मवजनाची एक. एवढ्याने काम भागलं असतं आणि पानंही वाचली असती.

सिझेरियनच्या मातेचंही तेच. ती पाच-सहा दिवसांनी घरी येते, भेटी सातव्या दिवसापासून सुरू होतात. तिसऱ्या दिवसाचं पान कोरं राहतं आणि गटप्रवर्तक ताई दर महिन्याला विचारतात, हे कोरं का? पानावर ‘सिझेरियन’ अशी खूण करायला जागा असती तर विचारावं लागलं नसतं.

मासिक सभेत मी हे मांडलं. नमुना वरून येतो, असं उत्तर मिळालं. तोवर मी प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने जन्मवजन आणि मागच्या भेटीचं वजन, असे दोन आकडे लिहिते. ज्यांच्याकडे हीच वही आहे त्यांनी निदान चौदाव्या दिवसाच्या पानावर तरी ते लिहावेत.