विल, गोइंग टू की प्रेझेंट कंटिन्युअस?

सोमवारी डॉक्टरांकडे जाणार असल्याचं इंग्रजी ईमेलमध्ये कळवायचंय, पण क्रियापदाचं कोणतं रूप वापरावं? निर्णय कधी झाला आणि समोरच्याशी काही ठरलंय का, एवढंच पाहा.

वेळ घेतलेली असेल तर 'आय ॲम सीइंग द डॉक्टर ऑन मंडे'. मनात पक्कं आहे, पण वेळ घेतलेली नाही: 'आय ॲम गोइंग टू सी अ डॉक्टर'. बोलता बोलता ठरवलं किंवा शब्द दिला, तर 'आय विल कॉल यू टुनाइट'.

कंटिन्युअसमध्ये खरी मेख आहे. संदर्भातून वेळ कळत नसेल, तर काम आत्ताच चालू आहे असं वाटतं. शिवाय पाऊस कोणी ठरवत नाही, म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' चुकीचं.

भेटी, बैठका, प्रवासासाठी कंटिन्युअस घ्या. नुसत्या बेतासाठी गोइंग टू. या दोघांत अडलात, तर गोइंग टू सहसा चालून जातं.