मुसनद अहमदचे सहा खंड, अकरा महिने वापरल्यानंतर

इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू 241 हिजरी, म्हणजे 855) यांचा हा हदीसांचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींचा, संग्रह मी कैरोच्या 1313 हिजरीच्या जुन्या छपाईचं पुनर्मुद्रण म्हणून घेतला. नवी, क्रमांक घातलेली आवृत्ती पन्नास खंडांची आहे, ती मला परवडणारी नव्हती. विक्रेत्याने फोनवर ‘विषयसूची आहे’ असं ठामपणे सांगितलं होतं. पार्सल उघडलं तर सूची नाही, हदीसांना क्रमांकही नाहीत. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘छापखान्याची चूक, आम्ही काय करणार?’ पैसे परत मिळाले नाहीत, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पहिले तीन महिने मी या पुस्तकावर चिडूनच होतो. मला एकच गोष्ट हवी होती: वुजू, म्हणजे नमाजआधीची शुद्धी, करताना पाय धुण्याऐवजी चामडी मोज्यांवर ओला हात फिरवणं, म्हणजे ‘मसह’, याविषयीच्या हदीसा. इथे मांडणी विषयाने नाही, सहाब्यांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, नावाने. आधी अबू बक्र, उमर, उस्मान, अली, पुढे बाकीचे. अलींची हदीस (प्रवाशाला तीन दिवस-रात्री, घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र) पहिल्या खंडात, तर मुगीरा इब्न शुअबांची चौथ्यात. मधली शेकडो पानं नमाज, व्यापार, युद्ध, स्वप्नं असं सगळं एकत्र. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू 179 हिजरी) यांचा जुना विषयवार संग्रह, मुवत्ता, उघडला की हे प्रकरण शुद्धतेच्या भागात एका जागी सापडतं. शिवाय मुगीरांच्या हदीसेनंतर इब्न उमरांचा किस्सा येतो: इराकमधल्या कूफ्यात सअद या सहाब्यांना मसह करताना पाहून त्यांना ते पटलं नाही, पुढे वडिलांना, उमरांना, विचारल्यावर खात्री झाली. मालिकना मदिनेतल्या लोकांना वागायला उपयोगी असं पुस्तक हवं होतं. म्हणून पैगंबरांचा शब्द, सहाब्यांचा निर्णय आणि मदिनेची रीत तिथे शेजारी शेजारी बसतात.

चौथ्या महिन्यात माझं मत बदलायला लागलं. मसहवरचा जुना आक्षेप असा, की कुरआनच्या पाचव्या सूरेत (अल-माइदा) पाय धुण्याची आज्ञा आल्यावर ही सवलत रद्द झाली असेल. याचं उत्तर विषयवार पुस्तकात वाचताना हदीसेच्या मजकुराखाली दडून राहतं. मुसनदमध्ये मी चौथ्या खंडात जरीर इब्न अब्दुल्लाह यांच्या भागात पोहोचलो, तेव्हा ते समोरच आलं. जरीर उशिरा मुसलमान झाले, ती आज्ञा उतरल्यानंतर. त्यांनी पैगंबरांना मोज्यांवर मसह करताना पाहिलं, म्हणजे सवलत रद्द झालेली नव्हती. इथे ‘काय सांगितलं’ इतकंच ‘कोणी सांगितलं’ याला वजन आहे, आणि मुसनद त्याच प्रश्नासाठी बांधलेली आहे. धर्मशास्त्री इमाम शाफिईंनंतर पैगंबरांपर्यंत पोहोचणारी सांगणाऱ्यांची साखळी इतरांच्या मतांपेक्षा वेगळी काढून तपासायची निकड वाढली होती. एका सहाब्याची सगळी वचनं एकत्र ठेवली की कोण कुणाकडून ऐकतो हे लगेच कळतं. फक्त सहाबी कोण हे आधी ठाऊक असावं लागतं. ज्यांनी हे सगळं पाठ करून ठेवलेलं असे, त्यांच्यासाठी ही अडचण नव्हती. माझ्यासाठी आहे.

पुढचे हदीस-संकलक बुखारींनी (मृत्यू 256 हिजरी) पुन्हा विषय घेतले, पण मालिकसारखे नाहीत. त्यांचा संग्रह वहीच्या, म्हणजे पैगंबरांवर उतरलेल्या ईश्वरी संदेशाच्या, आरंभापासून सुरू होतो, मग ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा, मग ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, आणि त्यानंतर कुठे वुजू. श्रद्धेत कृती धरायची की नाही, यावर मुर्जिया पंथाशी वाद चालू होता, म्हणून ईमानचं प्रकरण वुजूच्या आधी. शेवटचं प्रकरण ‘तौहीद’ म्हणजे ईश्वराचं एकत्व, त्याचा रोख ईश्वराचे गुण नाकारणाऱ्या जहमिया पंथाकडे. या मांडणीची किंमत अशी की हदीस तुटते आणि फिरते: जरीरांची मसहची हदीस त्यांनी वुजूत न ठेवता नमाजच्या भागात, ‘मोजे घालून नमाज’ या बाबेत दिली आहे.

आता सर्वात मोठा आनंद. या जुन्या छपाईच्या समासात दुसरं एक पुस्तक छापलेलं आहे, ‘मुंतखब कंजुल उम्माल’. त्याचे संकलक अली मुत्तकी मूळचे आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरचे, पुढे मक्केत राहिले. ते पुस्तक विषयवार आहे, आणि प्रत्येक हदीसेशेवटी अक्षरांचे संकेत असतात. ‘हा-मीम’ म्हणजे अहमद, आणि त्यापुढे सहाब्याचं नाव. समासात विषय शोधायचा, हा-मीम दिसलं की नाव वाचायचं, आणि त्या नावाच्या खंडात जायचं. सूची नाही म्हणून सहा महिने धुसफुसत होतो, आणि अर्धी वाट त्याच कागदाच्या कडेला होती. पान क्रमांक मात्र ते देत नाही, त्यामुळे अबू हुरैरांसारख्या मोठ्या भागात अजूनही संध्याकाळ जाते.

ज्यांना मसला, म्हणजे एखाद्या धार्मिक प्रश्नाचं उत्तर, लगेच हवा त्यांनी हा संच घेऊ नये, मुवत्ता घ्यावी. ज्यांना रावी, म्हणजे हदीस सांगणारे, तपासायचे आहेत त्यांनी घ्यावा, पण समास कापलेली प्रत आली तर लगेच परत करावी.