फाउंड्रीचे बूट म्हणून आम्हाला साधे लेसचे बूट खपवले, घेणाऱ्यांनी एकदा वाचा

शिरोली एमआयडीसीत मेल्टिंग आणि पोरिंगला सुपरवायझर आहे. सेफ्टी शूजमध्ये आमच्या कंपनीला एका डीलरनं कसं गंडवलं ते सविस्तर लिहितोय, कारण तोच माल आजूबाजूच्या फाउंड्र्यांत आणि फॅब्रिकेशन शॉपमध्ये अजून फिरतोय. डीलरचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

पोरिंगच्या गँगसाठी बूट मागवताना आम्ही तीन गोष्टी लेखी दिल्या होत्या. लेस नको, पायात सरकवायचा आणि झटक्यात निघणारा बूट पाहिजे. मेटाटार्सल गार्ड पाहिजे, म्हणजे बोटांच्या मागं पावलाचा जो उंच भाग असतो त्यावर कडक कवच. आणि उष्णता सोसणारा नायट्राइल रबरचा सोल. डीलरनं सॅम्पल आणलं ते अगदी बरोबर होतं, जाड चामडं, गार्ड दाबला तर हालत नव्हता, इलॅस्टिक होतं पण चामड्याच्या आत झाकलेलं. सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स. दर साधारण 2,600 रुपये जोडी ठरला, अर्धा ॲडव्हान्स.

माल आला तेव्हा मी म्हटलं हे ते बूट नव्हेत. आत सरळ लेस होती आणि वरून रेक्झिनसारखं एक फडकं वेल्क्रोनं चिकटवलेलं. फोन केला तर म्हणाला, "साहेब, लेस झाकलीय की, म्हणजे लेस-फ्रीच झालं ना, हे नवीन मॉडेल आहे." ऑर्डर अर्जंट होती, जुने बूट फाटलेले, वरून ऑफिसनं सांगितलं वापरायला घ्या, बदलून घेऊ.

लेस नको हे आम्ही हौसेनं मागत नाही. ओतताना मेटल 1,350 ते 1,450 डिग्रीच्या आसपास असतं, साच्यात ओल राहिली की उडतं. गुळगुळीत चामड्यावर थेंब पडला तर तो घरंगळून खाली जातो, चामडं करपतं पण पाय वाचतो. तोच थेंब लेसच्या गाठीत, आयलेटपाशी किंवा जिभेच्या फटीत अडकला तर तो तिथंच बसून आत जाळत राहतो. नायलॉनची लेस तर वितळून चिकटते, मग गाठ सुटणार कशी? लेस झाकणारं कव्हर मुळात चुकीचं नाही, चांगल्या बुटांना जाड चामड्याचं असतं आणि उष्णता सोसणाऱ्या दोऱ्यानं शिवलेलं असतं. पण वेल्क्रो म्हणजे नायलॉनच, उष्णता लागली की पकड सोडतो.

आणि तेच झालं. लेडलमधून ओतताना बॉक्सच्या कडेनं रस उडाला, आमच्या एका पोराच्या डाव्या बुटावर पडला. रेक्झिन आक्रसून वर उचललं गेलं आणि थेंब सरळ जिभेच्या बाजूनं आत. तो ओरडला, बूट ओढायला गेला, निघेना, लेस घट्ट चिकटून बसलेली. शेवटी पॅटर्न शॉपमधल्या मुलानं चाकूनं लेस आणि जीभ कापली तेव्हा कुठं पाय बाहेर निघाला. सॉक नायलॉनचा होता तो कातडीला चिकटला. नळाखाली पाय धरून ठेवला आणि तसंच हॉस्पिटलला नेलं. बरेच दिवस कामावर नव्हता, पावलावर डाग कायमचा राहिलाय. सरकवायचा बूट असता तर दुसऱ्या पायानं टाच दाबून एका झटक्यात निघाला असता.

मग तोच कापलेला बूट मी बाकावर घेऊन पूर्ण उघडला. मेटाटार्सल गार्ड म्हणून आत काय असावं? कपड्यात गुंडाळलेला फोम आणि पातळ प्लॅस्टिकची पट्टी, बोटानं दाबली की दबते. खरा गार्ड असतो तो कडक तुकडा, पुढची कड बोटांच्या टोपीवर येते, म्हणजे वरून कास्टिंग पडलं तर भार हाडांवर न बसता टोपी आणि सोलवर जातो. टोपी 200 ज्यूलच्या धक्क्याला टेस्ट करतात, म्हणजे साधारण 20 किलोचं वजन एक मीटरवरून, आणि गार्ड 100 ज्यूलला. पण टोपी फक्त बोटांपुरती असते, नॉकआउटला कास्टिंग निसटलं की कड बसते ती टोपीच्या मागंच. फोमनं काय थांबणार?

सोल तर पीयूचा निघाला. नॉकआउटच्या गरम वाळूवर चालून चालून खालची नक्षी गुळगुळीत झाली होती आणि एका ठिकाणी गरम खडा रुतून बसलेला. बॉक्सवर मात्र ठळक अक्षरात 300 डिग्री छापलेलं. या 300 चा नेमका अर्थ समजून घ्या. बुटावर एचआरओ ही खूण असेल तर सोल 300 डिग्रीच्या पृष्ठभागावर एक मिनिट ठेवून वितळत नाही एवढंच. आत पायाला चटका बसणार नाही याची खूण वेगळी, एचआय. मेटाटार्सलची खूण एम. आणि या तिन्ही असल्या तरी वरच्या चामड्यावर रस उडाला तर काय होतं ते सांगत नाहीत, त्यासाठी आयएसओ 20349 हे वेगळं स्टँडर्ड आहे, पहिला भाग फाउंड्रीसाठी, त्यात वितळलेल्या लोखंडासाठी एफई खूण, आणि दुसरा भाग वेल्डिंगसाठी, त्याची खूण डब्ल्यूजी. आमच्या बुटांवर यातलं एकही अक्षर नव्हतं, फक्त आयएसआय आणि खाली एक सीएम/एल नंबर. आणि सगळ्या खुणा असल्या तरी रसात उभं राहायला कुठलाच बूट नाही हेही लक्षात ठेवा, बूट फक्त बाजूला व्हायला आणि काढून फेकायला वेळ देतो.

तो सीएम/एल नंबर मी बीआयएस केअर ॲपमध्ये लायसन्स तपासायच्या पर्यायात टाकला. नंबर खरा निघाला, पण लायसन्स भलत्याच कंपनीचं आणि आयएस 15298 च्या पार्ट 3 चं, म्हणजे 100 ज्यूलच्या टोपीचं. आम्हाला हवा होता पार्ट 2. मग सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून बघितली, त्यावरचा आर्टिकल नंबर सॅम्पलचा होता, आलेल्या मालाचा नव्हे. थोडक्यात एक बूट खरा दाखवायचा, कागद त्याचे द्यायचे आणि माल दुसराच टाकायचा.

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी याच डीलरकडून वेल्डरसाठी चेनचे बूट घेतले होते, लेस नाही म्हणून. चेन नायलॉनची! ओव्हरहेड वेल्डिंगला ठिणगी चेनमध्ये बसली, दात वितळून चेन जाम, बूट निघेना. लेस नसणं पुरेसं नाही, जे बंद करायला वापरलंय ते जळणारं किंवा थेंब अडकवणारं नसावं. पॅन्टही बुटाच्या वरून बाहेर सोडायची, आत खोचली तर बुटाचं तोंड म्हणजे नुसतं नरसाळं होतं.

आता आमच्याकडं माल आला की स्टोअर घेण्याआधी मी प्रत्येक साइजमधला एक जोड काढतो, आर्टिकल नंबर सर्टिफिकेटशी जुळवतो, अंगठ्यानं गार्ड दाबतो, आणि लॉटमधला एक बूट डीलरसमोर कापायचा हे पीओवरच लिहितो. यावर जो कुरकुर करतो त्याचा माल परत. आमच्या त्या डीलरनं ॲडव्हान्स अजून परत दिलेला नाही, बीआयएसकडं तक्रार टाकलीय, सोबत कापलेल्या बुटाचे फोटो आणि बिल जोडलंय. तुमच्याकडं काळ्या बुटावर वेल्क्रोचं रेक्झिन फडकं, आत पिवळी-काळी लेस आणि बॉक्सवर मोठ्ठं 300 डिग्री असा माल आला असेल तर पोरिंगच्या माणसाच्या पायात आज घालू नका, बिल जपून ठेवा आणि सोलवरचा नंबर तपासून तुम्हीही तक्रार टाका.