डाएट कोला सात-आठ महिने प्यायल्यावर: साखर गेली, गोडाची तलफ राहिली

साखरेचा कोला रोज पिणाऱ्याने डाएट कोल्यावर जावं, हे मी आजही सांगेन. पण जो पाणी, ताक किंवा बिनसाखरेचा चहा पितो, त्याने केवळ वजनासाठी डाएट कोला सुरू करू नये. इतक्या महिन्यांच्या वापरानंतरचं माझं मत हे आहे, आणि ते कसं बनलं ते खाली सविस्तर लिहिते.

तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारं माझं एचबीए१सी ५.९ टक्के आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ऑफिसात दुपारी चारच्या सुमारास ३०० मिलीचा साध्या कोल्याचा कॅन ठरलेला असायचा. त्यात साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चहाचे चमचे. तो कॅन बंद करून त्याच वेळी डाएट कोला सुरू केला. ग्लुकोमीटरवर पाहिलं तर नुसता डाएट कोला प्यायल्यावर साखर जवळपास हलतच नाही. तसं ते अपेक्षितच होतं, कारण त्यात पचून ग्लुकोज होईल असं काही नसतंच. चवीची सवय आठवडाभरात झाली.

अडचण भुकेची होती. साधा कोला प्यायल्यावर मी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सहज वेळ काढायची. डाएट कोला प्यायल्यावर पाच वाजताच पोटात कावळे ओरडायला लागले, आणि हात बिस्किटांच्या पुड्याकडे जायला लागला. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, ते केमिकल भूक वाढवतं." म्हणून मी काही आठवडे आलटून पालटून करून पाहिलं: एक दिवस डाएट कोला, एक दिवस त्याच वेळी नुसता लिंबू-सोडा, साखर न घालता. लिंबू-सोड्याच्या दिवशीही पाचला तितकीच भूक लागत होती. मी साडेबाराला जेवते, तेव्हा पाचला भूक लागणारच. आधी ती ३२ ग्रॅम साखर दाबून ठेवत होती.

२०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाचा एक अभ्यास नेचर मेटाबॉलिझममध्ये आला, त्याचा रोखही याच दिशेने आहे. पंचाहत्तर जणांना वेगवेगळ्या दिवशी सुक्रालोज या कृत्रिम गोडकारकाचं पेय, साखरेचं पेय आणि पाणी दिलं, आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे भुकेचं नियमन करणाऱ्या भागाचा, रक्तप्रवाह मोजला. साखरेच्या तुलनेत सुक्रालोजनंतर तिथला रक्तप्रवाह जास्त होता आणि लोकांनी भूकही जास्त सांगितली. साखर पोटात गेली की रक्तातलं ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोट भरल्याची जाणीव देणारं जीएलपी-१ हे संप्रेरक वाढतं, आणि मेंदूला "आलं अन्न" असा निरोप मिळतो. सुक्रालोजनंतर तो निरोप जातच नाही. मात्र पाण्याशी तुलना केल्यावर मेंदूत फरक दिसला तरी लोकांनी सांगितलेल्या भुकेत फरक नव्हता. बातम्यांच्या मथळ्यांत नेमकं हेच गळून पडलं. शिवाय तो अभ्यास सुक्रालोजचा होता आणि माझ्या कॅनमध्ये दुसरे गोडकारक होते, म्हणून तो मी पुरावा म्हणून नाही, फक्त कारण समजण्यापुरता घेते. माझ्यापुरता उपाय साधा निघाला: चार वाजता मूठभर फुटाणे आणि ताक. त्यानंतर डाएट कोला घेतला काय, न घेतला काय, भुकेत फरक पडेना.

गोडाच्या तलफेचं मात्र वेगळं झालं. कोला रोज चालू होता तोवर चहातली साखर कमी करणं मला जमलंच नाही. अर्धा चमचा कमी केला तरी चहा कडू लागायचा. मध्ये काही आठवडे डाएट कोला पूर्ण बंद ठेवला, तेव्हा चहा आपोआप अर्ध्या चमच्यावर आला. जिभेची गोडाची पातळी तशीच उंच ठेवली तर उष्मांक गेले तरी ओढ जात नाही, असं माझं ठाम मत झालंय. तलफेत कॅफीनचाही वाटा असतो, हे विसरू नका. दुपारचा कॅन चुकला की डोकं दुखतं, त्याचं खापर गोडकारकावर फोडता येत नाही.

आता आतड्यातल्या जिवाणूंबद्दल. इथे "कृत्रिम गोडी" असा एकच गठ्ठा करून बोललं की गोंधळ होतो. कॅनच्या मागे आयएनएस क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थात घातलेल्या घटकाचा ठरलेला क्रमांक, पाहा. ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम. ते लहान आतड्यातच तुटतं, त्याचे अमिनो आम्ल आणि थोडं मिथेनॉल असे तुकडे शोषले जातात, त्यामुळे अखंड ॲस्पार्टेम मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचत नाही. ९५० म्हणजे ॲसेसल्फेम-के, ते शोषलं जाऊन लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. ९५५ म्हणजे सुक्रालोज, ते बहुतांश शोषलंच जात नाही आणि मोठ्या आतड्यातून पुढे जातं. माझ्या कॅनमध्ये ९५१ आणि ९५० होते. काही 'झिरो' पेयांत ९५५ सुद्धा असतं.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव यांच्या गटाने २०२२ मध्ये सेल या नियतकालिकात १२० निरोगी लोकांवरचा प्रयोग छापला. सॅकरीन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया दोन आठवडे दिले, तेही रोजच्या मान्य मर्यादेच्या आतच. चारही गटांत जिवाणूंमध्ये बदल दिसले, पण ग्लुकोज प्यायल्यावर रक्तातली साखर जास्त चढणं हे सॅकरीन आणि सुक्रालोजच्या गटांतच आढळलं, आणि तिथेही माणसागणिक फरक खूप मोठा होता. प्रयोग दोन आठवड्यांचा होता, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या परिणामाबद्दल त्यातून बोलता येत नाही. मी यातून एवढंच घेतलं की रोजच्या वापरासाठी ९५५ नसलेला कॅन निवडायचा.

पोट फुगण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण इथे बरेच जण भलत्यालाच दोष देतात. दिवाळीत घरी शुगर-फ्री मिठाई आणि चॉकलेट आली. ती खाल्ल्यावर पोटात गुडगुड, गॅस, आणि दुसऱ्या दिवशी पातळ शौच. पाकिटावर माल्टिटॉल लिहिलेलं होतं. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हे साखरेचे अल्कोहोल ग्रॅमच्या हिशेबात घातलेले असतात, अर्धवट शोषले जातात, आणि उरलेल्यावर जिवाणू आंबवण्याचं काम करतात. कोल्यात गोडकारक मिलिग्रॅममध्ये असतो. तिथे पोट फुगलं तर आधी फेसाकडे पाहावं. मी ग्लासात ओतून गॅस जाऊ दिलेला कोला प्यायले, तेव्हा पोट अजिबात फुगलं नाही.

वापराच्या दृष्टीने आणखी एक: ॲस्पार्टेम उष्णतेने तुटतं. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या क्रेटमधला कॅन घेतला तर गोडी कमी लागू शकते. तारीख पाहून, सावलीतल्या साठ्यातला घ्या. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ९५१ असलेलं काहीही घेऊ नये, तशी सूचना डब्यावर छापलेलीच असते. लहान मुलांना मी देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे गोडकारक वापरू नयेत अशी शिफारस केली, पण ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. तुम्हाला मधुमेह असेल तर या शिफारशीचा आधार घेऊन पुन्हा साखरेच्या कोल्याकडे वळू नका.

सध्या मी आठवड्यातून एखादा कॅन घेते, तोही जेवणाबरोबर. चारचं ताक आणि फुटाणे चालू आहेत, आणि शेवटचं एचबीए१सी ५.६ आलं. त्यात रात्रीचा भात कमी केल्याचा आणि रोज चालण्याचाही वाटा आहे, त्यामुळे सगळं श्रेय कॅन बदलण्याला देता येणार नाही.