कर्ज मुदतीआधी फेडलं, त्यानंतरचे सात-आठ महिने: सांगलीतला अनुभव

एका फायनान्स कंपनीच्या विश्रामबाग शाखेतून घेतलेलं वैयक्तिक कर्ज मी 2025 च्या एप्रिलमध्ये बंद केलं. तारण म्हणून माझी एलआयसीची मूळ पॉलिसी आणि सह्या केलेले कोरे चेक त्यांच्याकडे होते. हळदीचे पैसे हातात आले होते आणि दोन वर्षांचे हप्ते बाकी होते.

आधी हिशोब. बाकी मुद्दल 2,10,000 रुपये, व्याज 14 टक्के, तेही स्थिर. व्याजदर स्थिर असल्यामुळे मुदतपूर्व फेडीचा आकार करारात होताच: मुद्दलाच्या 4 टक्के, म्हणजे 8,400, त्यावर जीएसटी 1,512. हप्ता 5 तारखेचा आणि मी पैसे भरले 18 तारखेला, म्हणून मधल्या तेरा दिवसांचं व्याज 1,047. एकूण 2,20,959. हप्ते तसेच चालू ठेवले असते तर पुढं साधारण 32 हजार व्याज गेलं असतं. म्हणजे आकार आणि तेरा दिवसांचं व्याज धरूनही 21 हजारांच्या आसपास वाचले. हप्ते अगदी थोडे उरले असतील तर मात्र हा खटाटोप परवडत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग आधीच भरून झालेला असतो.

रक्कम तोंडी विचारून भरू नका. फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज बंद करायला एकूण किती भरायचे याचा हिशोब, लेखी घ्या. त्यावर ते कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि रोजचं व्याज किती, हे लिहिलेलं असतं. माझं रोजचं व्याज 80 रुपये होतं. एक दिवस उशिरा भरले असते तर तेवढ्या बाकीपायी खातं चालूच राहिलं असतं. हप्ता कापून गेल्यावर लगेच बंद करणं सोयीचं, कारण पुढच्या हप्त्याची मागणी आपल्या बँकेकडे काही दिवस आधीच गेलेली असते. कर्ज फिटल्यावरही हप्ता कापला जातो तो यामुळं. मी एनएसीएच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी, रद्द करण्याचा अर्ज कंपनीला दिला आणि माझ्या बँकेतही दिला. मे महिन्यात हप्ता कापला गेला नाही.

त्रास झाला तो पुढं. कर्ज बंद झाल्याचं पत्र ई-मेलवर आलं, पण त्यात खातं ‘सेटल’ झाल्याचं लिहिलं होतं. मी पूर्ण रक्कम भरली होती. सेटल म्हणजे तडजोडीनं कमी पैशात मिटवलेलं, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये तसं लागलं तर पुढचं कर्ज अडतं. पत्र परत पाठवून ‘पूर्ण परतफेड, येणे बाकी नाही, खाते बंद’ असं लिहून घेतलं. त्यात कर्ज क्रमांक आणि बंद झाल्याची तारीखही हवी. जूनमध्ये रिपोर्ट काढून पाहिला तेव्हा त्यात ‘Closed’ दिसलं.

पॉलिसीचं विचारलं की शाखेतल्या ताई म्हणायच्या, “सर, हेड ऑफिसला आहे, आली की फोन करते.” त्या चांगल्या बोलायच्या, पण कागद हलत नव्हता. मग लेखी अर्ज दिला आणि त्यावर शिक्का, तारीख, सही घेतली. अर्जात रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा, स्वतःच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असं त्यात आहे. कागद हरवले तर दुप्रत मिळवून देण्याचा खर्चही त्यांचाच, फक्त त्यासाठी आणखी 30 दिवस मिळतात. अर्जानंतर मुदतीच्या आत पॉलिसी आणि चेक दोन्ही आले.

पॉलिसी उघडून पाहिली तर मागे असाइनमेंट तसंच! कर्ज घेताना आपण पॉलिसीचे हक्क कंपनीच्या नावे केलेले असतात. कागद घरी आला तरी कंपनीनं रीअसाइनमेंट लिहून सही-शिक्का दिल्याशिवाय आणि ते एलआयसीच्या शाखेत नोंदवल्याशिवाय हक्क परत येत नाहीत. मुदत संपल्यावरचे पैसे असोत की मृत्यूचा दावा, एलआयसीच्या नोंदीत कंपनीच पुढं उभी राहते. घरच्यांना ऐन वेळी हे कळणं फार वाईट. मी पॉलिसी तशीच परत नेली, शेरा मारून घेतला, एलआयसीत दिली आणि नोंद झाल्याचं लेखी घेतलं. नुसता कागद मिळाल्यावर समाधान मानणारे ओळखीतच बरेच आहेत, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

कंपनीनं महिनाभर दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथं पोच असलेला अर्जच उपयोगी पडतो. आपल्याकडे बरीच कर्जं पतसंस्थेची असतात. त्यांना रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक लागू नाही. तिथं कागद अडले तर तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयात जावं लागतं.