पट्टीचुंबक आणि कुंडलाचा संच : पावसाळाभर वापरल्यानंतर

डिचोलीला माझ्याकडे दहावीची मुलं शिकवणीला येतात. त्यांच्यासाठी जूनमध्ये हा संच घेतला, आता दिवाळी झाली. पट्टीचुंबक, लोहकीस, दोन चुंबकसूची आणि लाकडी पाटावर उभं बसवलेलं तांब्याच्या तारेचं कुंडल, एवढंच सामान. पैसे वसूल झाले ते कुंडलामुळे.

चुंबकावर कागद ठेवून कीस भुरभुरला आणि हलकी टिचकी मारली की बलरेषा उमटतात. टोकांशी दाट, मधल्या भागाशेजारी विरळ. जिथे दाट तिथे क्षेत्र प्रबळ, हे मुलांना लगेच दिसतं. दिशा मात्र कीस सांगत नाही, ती सूची सांगते. उत्तर ध्रुवापाशी सूची ठेवायची, तिच्या टोकाशी ठिपका द्यायचा, मग तिचं शेपूट त्या ठिपक्यावर येईल अशी पुढे सरकवायची. असं करत रेषा दक्षिण ध्रुवाशी पोचते आणि मुलं लिहून मोकळी होतात की ती तिथे संपली. खरं तर ती चुंबकाच्या आतून दक्षिणेकडून उत्तरेकडे परत जाते, पण तिथे सूची घालणार कशी?

कुंडल आतून मोकळं असतं. त्याचं प्रतल उत्तर-दक्षिण लावा, सूची बरोबर केंद्रात ठेवा. आमच्या कुंडलाची त्रिज्या 5 सेंमी आहे. 10 वेढ्यांतून 0.3 अँपिअर धारा सोडली की केंद्रातलं क्षेत्र साधारण 38 मायक्रोटेस्ला होतं. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटकही आपल्याकडे 40च्या आसपास, म्हणून सूची जवळजवळ 45 अंश वळते. तेवढ्याच धारेला 20 वेढे जोडले तर क्षेत्र दुप्पट होतं, सूची मात्र 90 नव्हे, 62 अंशांपर्यंतच जाते, कारण पृथ्वी तिला ओढतच असते.

कुठे वळणार, हे बटण दाबण्याआधी मुलांकडून वदवून घेते. उजव्या हाताची बोटं धारेच्या दिशेने वळवली की अंगठा आतल्या रेषांची दिशा दाखवतो. पूर्वेकडून पाहताना धारा घड्याळाच्या उलट फिरत असेल तर अंगठा पूर्वेला, सूचीही पूर्वेला. कुंडलाची तीच बाजू उत्तर ध्रुव. आतली रेषा उत्तर ध्रुवाकडे जाताना मुलं इथे स्वतः पाहतात.

तक्रारी दोन. कीस जुलैतच गंजून त्याचे गोळे झाले, त्यामुळे आपल्या हवेत तो हवाबंद बरणीतच ठेवा. दुसरी गंभीर आहे: एका सूचीचे ध्रुव उलटे निघाले. प्रबळ चुंबक अगदी जवळ आला की असं होतं. संच उघडल्यावर चुंबक आणि लोखंडी टेबल यांपासून दूर, दोन्ही सूची वेगवेगळ्या ठेवून रंगीत टोक उत्तरेला थांबतं का ते आधी पाहा.